गाऊटची औषधे: कोणती गोळी कुठे काम करते आणि कोणती कधी घ्यायची

गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साठून सांधे सुजण्याचा आजार. त्याच्या औषधांत तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. अंगठा सुजला की अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करायचे आणि दुखणे थांबले की बंद करायचे, ही पहिली. कोल्चिसिनने युरिक अ‍ॅसिड उतरते असे समजून वर्षभर तेवढेच घेत राहायचे, ही दुसरी. तिसरी म्हणजे युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी सुरू केल्यावर महिन्याभरात सांधेदुखीचा झटका आला की ‘हे औषध मला सोसत नाही’ म्हणून ती सोडून देणे. या तिन्ही चुकांचे मूळ एकच असते. हातातली गोळी शरीरात नेमकी कुठे काम करते, हे घेणाऱ्याला कुणी सांगितलेलेच नसते. जागा कळली की औषधांचा क्रम बहुतेक आपोआप कळतो.

हा लेख डॉक्टरांच्या जागी वापरण्यासाठी नाही. खाली दिलेले डोस प्रिस्क्रिप्शन समजून घेण्यासाठी आणि योग्य प्रश्न विचारण्यासाठी आहेत. कोल्चिसिनचा डोस तर स्वतःहून ठरवूच नये. का, ते पुढे येईलच.

## आधी वाट समजून घ्या

पेशी जुन्या होतात आणि मोडतात, त्यातून प्युरिन बाहेर पडते. थोडे प्युरिन अन्नातूनही येते. त्याचे आधी हायपोझँथिन होते, मग झँथिन आणि शेवटी युरिक अ‍ॅसिड. शेवटच्या दोन्ही पायऱ्या झँथिन ऑक्सिडेज नावाचे एकच एन्झाइम पार पाडते. बहुतेक सस्तन प्राण्यांत यापुढे युरिकेज हे एन्झाइम युरिक अ‍ॅसिडचे सहज विरघळणाऱ्या अ‍ॅलँटॉइनमध्ये रूपांतर करते. माणसात युरिकेज चालत नाही, म्हणून आपली वाट युरिक अ‍ॅसिडपाशीच संपते.

तयार झालेले युरिक अ‍ॅसिड मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर जाते, पण तिथे एक गंमत आहे. गाळून लघवीच्या वाटेला लागलेल्या युरिक अ‍ॅसिडपैकी सुमारे नव्वद टक्के मूत्रपिंड पुन्हा रक्तात ओढून घेते. हे काम मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतली वाहक प्रथिने करतात. त्यातल्या मुख्य प्रथिनाला युरॅट-१ म्हणतात. गाऊटच्या बहुसंख्य रुग्णांत युरिक अ‍ॅसिड जास्त तयार होते म्हणून वाढलेले नसते, ते पुरेसे बाहेर पडत नाही म्हणून वाढलेले असते.

रक्तात डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की युरिक अ‍ॅसिडचे विरघळणे संपते आणि सांध्यात सुईसारखे स्फटिक बसू लागतात. हे स्फटिक वर्षानुवर्षे गुपचूप बसून राहतात. एखाद्या रात्री त्यातले काही सुटे होतात, पांढऱ्या पेशी ते गिळायला धावतात आणि सांध्यात आग भडकते. हाच झटका.

औषधे या वाटेवर चार ठिकाणी अडसर घालतात:

1. निर्मितीवर: अ‍ॅलोप्युरिनॉल आणि फेबक्सोस्टॅट. ही दोन्ही झँथिन ऑक्सिडेजला अडवतात.
2. उत्सर्जनावर: प्रोबेनेसिड, बेंझब्रोमारोन, डोटिन्युरॅड. ही मूत्रपिंडाला युरिक अ‍ॅसिड परत ओढू देत नाहीत.
3. तयार झालेल्या युरिक अ‍ॅसिडवर: पेग्लोटिकेज. हे माणसात नसलेले एन्झाइम शिरेतून देण्यासारखे आहे.
4. स्फटिकांमुळे भडकणाऱ्या दाहावर: कोल्चिसिन.

चौथे ठिकाण पुन्हा एकदा वाचा. कोल्चिसिन युरिक अ‍ॅसिडला हातही लावत नाही. पांढऱ्या पेशींच्या आतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला ते चिकटते. त्यामुळे त्या पेशींची हालचाल मंदावते, त्या सांध्याकडे गर्दी करू शकत नाहीत आणि दाह पेटवणारी साखळी पूर्ण होत नाही. म्हणजे आग विझते, पण सरपण तिथेच राहते.

## पायरी १: गोळीआधीची तयारी

युरिक अ‍ॅसिडची तपासणी योग्य वेळी करा. झटका चालू असताना रक्तातली पातळी खाली आलेली असू शकते. सांधा लालबुंद आणि रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’, असे पाहून अनेकांना गाऊट नाहीच असे सांगितले जाते. झटका पूर्ण शमल्यानंतर किमान दोन आठवड्यांनी केलेली तपासणी खरी धरा. निदानाबद्दल शंका असेल तर सांध्यातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे, हाच सगळ्यांत पक्का पुरावा.

मूत्रपिंड आणि यकृत पाहून घ्या. रक्तातले क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला, मूत्रपिंड किती गाळते ते सांगणारा ईजीएफआर यांवर जवळजवळ प्रत्येक औषधाचा निर्णय ठरतो. कोणते द्यायचे, कितीपासून सुरू करायचे, कोणते द्यायचेच नाही, हे सगळे त्यातून कळते. यकृताच्या चाचण्या आणि रक्तपेशींची मोजणीही सुरुवातीलाच करून ठेवा, म्हणजे पुढे काही बिघडले तर तुलना करायला आकडा हाताशी असेल.

चालू औषधांची पूर्ण यादी करा. ही यादी सहसा घाईघाईत केली जाते, आणि खरे अपघात तिथेच होतात. हे शोधा:

- रोगप्रतिकारशक्ती दाबणारे अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन चालू आहे का? ही औषधे शरीरातून काढण्याचे काम झँथिन ऑक्सिडेजच करते. तेच एन्झाइम बंद केले तर ती साठतात आणि अस्थिमज्जा दबून रक्तपेशी धोकादायकरीत्या खाली येतात.
- थायाझाइड किंवा तत्सम लघवी वाढवणारी गोळी आहे का? ती युरिक अ‍ॅसिड वाढवते. रक्तदाबासाठीच असेल तर डॉक्टर पर्याय पाहू शकतात. लोसार्टान रक्तदाबही उतरवते आणि थोडे युरिक अ‍ॅसिडही बाहेर काढते.
- कमी डोसची अ‍ॅस्पिरिन युरिक अ‍ॅसिड थोडे वाढवते. पण ती हृदयासाठी असेल तर गाऊटपायी बंद करू नका.
- क्लॅरिथ्रोमायसिन, सायक्लोस्पोरिन, व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम, बुरशीवरची केटोकोनॅझोलसारखी औषधे किंवा स्टॅटिन? ही कोल्चिसिनसाठी महत्त्वाची आहेत.

> तपासा: ईजीएफआर, दोन आठवड्यांनंतरचे युरिक अ‍ॅसिड आणि औषधांची यादी, या तीन गोष्टी एका कागदावर आहेत? नसतील तर पुढच्या पायऱ्या अंदाजाने होतील.

युरिक अ‍ॅसिड नुसते वाढले आहे, पण झटका कधीच आलेला नाही, अशा व्यक्तीला सहसा ही औषधे लागत नाहीत. वर्षातून दोन किंवा जास्त झटके, त्वचेखाली युरिक अ‍ॅसिडच्या गाठी, किंवा एक्स-रेमध्ये सांध्याची झीज, यांपैकी काही असेल तर युरिक अ‍ॅसिड कमी करणारे कायमचे औषध सुरू करण्याची बाजू भक्कम होते.

## पायरी २: आधी आग विझवा

झटक्याच्या वेळी काम फक्त चौथ्या ठिकाणी असते. कोल्चिसिन, दाहशामक वेदनाशामक किंवा स्टेरॉइड यांपैकी एक निवडले जाते. मूत्रपिंड अधू असेल तर वेदनाशामकांपेक्षा थोड्या दिवसांचे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अनेकदा बरे पडते. मधुमेहात स्टेरॉइडने साखर चढते. म्हणजे निवड रुग्णाच्या बाकीच्या आजारांवरून होते.

कोल्चिसिन निवडले तर वेळ महत्त्वाची. पहिल्या बारा तासांत दिलेली गोळी सर्वांत जास्त उपयोगी पडते. चार दिवस सहन करून मग घेतली तर निराशाच पदरी येते.

डोसबद्दल जुनी सवय अजून अनेकांच्या डोक्यात बसलेली आहे. जुलाब लागेपर्यंत तासातासाला एक गोळी घ्यायची, ही ती सवय. ती सोडा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४.८ मिलिग्रॅमचा जुना डोस आणि १.८ मिलिग्रॅमचा कमी डोस समोरासमोर ठेवले. वेदना दोन्हींनी जवळपास सारख्याच कमी झाल्या. जुलाब मात्र जास्त डोसमध्ये सुमारे ७७ टक्के लोकांना झाले, कमी डोसमध्ये सुमारे २३ टक्के लोकांना. म्हणून आताची पद्धत अशी: सुरुवातीला १.२ मिलिग्रॅम आणि तासाभराने ०.६ मिलिग्रॅम. जिथे ०.५ मिलिग्रॅमची गोळी मिळते तिथे आधी १ मिलिग्रॅम आणि मग ०.५. पहिल्या दिवसाचे एवढेच. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल तर याहून कमी, किंवा अजिबात नाही.

सावधान. कोल्चिसिनचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांच्यातले अंतर फार थोडे आहे. जास्त पडले तर खात्रीचा उतारा नाही आणि डायलिसिसने ते निघत नाही. जुलाब आणि उलट्या ही पहिली घंटा असते. त्या सुरू झाल्या तर पुढची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा.

शरीर कोल्चिसिन दोन वाटांनी काढते. यकृतातले सीवायपी३ए४ हे एन्झाइम ते मोडते, आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप ते पेशींबाहेर ढकलतो. क्लॅरिथ्रोमायसिन या दोन्ही वाटा बंद करते. घसा किंवा छातीच्या संसर्गासाठी ते पाच दिवस लिहून दिले जाते, रुग्ण गाऊटची रोजची गोळी चालूच ठेवतो, आणि मूत्रपिंड आधीच अधू असले तर अशा जोडीने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिले वाक्य ‘मी कोल्चिसिन घेतो’ हेच असावे.

> तपासा: सांध्याबरोबर थंडी वाजून ताप आहे का? सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तो गाऊटसारखाच दिसतो. अशा वेळी घरी गोळ्या घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

## पायरी ३: मुख्य औषधाआधी कवच

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते.

युरिक अ‍ॅसिड उतरू लागले की सांध्यात वर्षानुवर्षे बसलेले स्फटिक विरघळू लागतात. खडीसाखरेचा खडा पाण्यात टाकला की कडा झिजतात आणि बारीक कण सुटतात, तसेच इथे होते. सुटे झालेले हे कण पांढऱ्या पेशींच्या नजरेत येतात आणि झटका येतो. म्हणजे औषध लागू पडत असल्यामुळेच सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात. रुग्णाला हे आधी सांगितले नसेल तर तो गोळी सोडणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून युरिक अ‍ॅसिड उतरवणाऱ्या औषधासोबत कमी डोसचे कोल्चिसिन रोज दिले जाते: ०.५ किंवा ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, काहींना दोनदा. ते तीन ते सहा महिने चालते, आणि झटके येतच राहिले तर त्याहून जास्त. मूत्रपिंड अधू असेल तर कमी, किंवा एक दिवसाआड.

स्टॅटिन घेणाऱ्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. जिना चढताना मांड्यांत नवा अशक्तपणा वाटू लागला, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला, तर ती थकव्याची गोष्ट समजू नका. कोल्चिसिन आणि स्टॅटिन एकत्र असताना स्नायूंना इजा होऊ शकते. रक्तातल्या सीके या तपासणीवरून ते कळते.

## पायरी ४: निर्मितीवर अडसर

बहुतेकांसाठी पहिले औषध अ‍ॅलोप्युरिनॉल. मूत्रपिंड अधू असलेल्यांसाठीही. ते स्वतः दोन-एक तासांत संपते, पण त्याचे ऑक्सिप्युरिनॉल होते आणि ते जवळजवळ दिवसभर झँथिन ऑक्सिडेजला धरून ठेवते. म्हणून गोळी सहसा दिवसातून एकदाच पुरते. ऑक्सिप्युरिनॉल मूत्रपिंडातून बाहेर जाते, आणि म्हणूनच सुरुवात किती मिलिग्रॅमने करायची ते ईजीएफआर ठरवतो.

सुरुवात हळू करा. रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. मूत्रपिंड अधू असेल तर ५० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ची अर्धी गोळी. पहिल्याच दिवसापासून ३०० देण्याची पद्धत अजून दिसते. तिचे दोन तोटे आहेत. युरिक अ‍ॅसिड झपकन उतरते आणि झटका ओढवतो, आणि दुर्मीळ पण गंभीर अ‍ॅलर्जीचा धोका मोठ्या सुरुवातीच्या डोसशी जोडलेला आहे.

सावधान. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे किंवा चेहरा सुजणे, यांतले काहीही झाले तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘दोन दिवस बघू’ असे करू नका. एचएलए-बी ५८:०१ हा जनुकीय प्रकार असलेल्यांत हा धोका बराच जास्त असतो. हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकी-अमेरिकी वंशाच्या लोकांत औषध सुरू करण्याआधी त्याची तपासणी सुचवली जाते.

नंतर पायरीपायरीने वाढवा. दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त तपासायचे आणि पायरी ५ मधले लक्ष्य गाठले नसेल तर ५० किंवा १०० मिलिग्रॅम वाढवायचे. ‘३०० ही शेवटची मर्यादा’ हा समज चुकीचा आहे. अनेकांना त्याहून जास्त लागते आणि मान्य कमाल डोस ८०० मिलिग्रॅमपर्यंत आहे. मूत्रपिंड अधू असलेल्यांतही कमी डोसने सुरू करून, सोसते आहे का ते पाहत ३०० च्या पुढे जाता येते. मला विचाराल तर अ‍ॅलोप्युरिनॉल ‘लागू पडले नाही’ अशा तक्रारींत औषधाचा दोष फार थोडा असतो. डोस वाढवायचा राहून गेलेला असतो.

फेबक्सोस्टॅट त्याच एन्झाइमला अडवते, पण त्याची रचना प्युरिनसारखी नाही आणि ते मुख्यतः यकृतात मोडले जाते. सुरुवात ४० मिलिग्रॅमने, गरज पडल्यास ८० पर्यंत. अ‍ॅलोप्युरिनॉल सोसत नसेल तर हा पर्याय. हृदयविकार असलेल्यांत मात्र विचार करावा लागतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केअर्स चाचणीत हृदयविकार असलेल्या रुग्णांत अ‍ॅलोप्युरिनॉलच्या तुलनेत हृदयाशी संबंधित मृत्यू जास्त दिसले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पेटीवर ठळक इशारा छापायला लावला. २०२० च्या फास्ट चाचणीत तसा वाढीव धोका आढळला नाही. म्हणून हृदयविकाराचा इतिहास असेल तर तो सांगून, चर्चा करूनच हे औषध निवडावे.

अ‍ॅझाथायोप्रिनचा इशारा दोन्हींना लागू आहे. अ‍ॅलोप्युरिनॉलसोबत ते देणे अगदीच टाळता येत नसेल तर अ‍ॅझाथायोप्रिनचा डोस एक चतुर्थांश ते एक तृतीयांशावर आणून रक्तपेशी वारंवार मोजतात. फेबक्सोस्टॅटसोबत ही जोडी नकोच.

> तपासा: झटका आला तर अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करायचे नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे? मध्येच बंद केले की पातळी वर, पुन्हा सुरू केले की खाली, आणि प्रत्येक हिंदोळ्यासोबत नवा झटका.

## पायरी ५: लक्ष्य आकड्यात ठेवा

सांधा दुखत नाही, हे लक्ष्य धरू नका. लक्ष्य म्हणजे युरिक अ‍ॅसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली, कायम. गाठी असतील तर ५ च्या खाली, म्हणजे स्फटिक लवकर विरघळतात. ६.८ ही विरघळण्याची सीमा आहे हे लक्षात ठेवले की ६ हा आकडा कुठून आला ते कळते. सीमेच्या आत थोडी मोकळी जागा ठेवली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा ५४ वर्षांचे गृहस्थ आहेत, वर्षात तीन झटके आले आहेत. झटक्यानंतर तीन आठवड्यांनी तपासले तेव्हा युरिक अ‍ॅसिड ९.४, ईजीएफआर ५२. रक्तदाबासाठी थायाझाइड आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालू आहे.

ईजीएफआर ६० च्या खाली आहे, म्हणून सुरुवात ५० मिलिग्रॅम अ‍ॅलोप्युरिनॉलने. सोबत ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसिन दिवसातून एकदाच. थायाझाइडच्या जागी डॉक्टरांनी लोसार्टान दिले. दर चार आठवड्यांनी रक्त तपासून ५० मिलिग्रॅम वाढवायचे ठरले.

सहाव्या आठवड्यात, डोस १०० वर असताना, घोटा सुजला. अ‍ॅलोप्युरिनॉल तसेच चालू ठेवले आणि झटक्यासाठी पाच दिवस प्रेडनिसोलोन घेतले. ईजीएफआर पाहता वेदनाशामक टाळले. कोल्चिसिन रोज चालूच होते, त्यात भर घातली नाही. आठव्या आठवड्यात युरिक अ‍ॅसिड ८.५ आले. औषध काम करते आहे, फक्त पुरेसे नाही, म्हणून डोस १५० केला.

अकराव्या आठवड्यात छातीचा संसर्ग झाला आणि दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिले. यादी खिशात होती म्हणून ती दाखवली गेली, आणि कोल्चिसिनशी फारसे न भिडणारे अ‍ॅझिथ्रोमायसिन दिले गेले. यादी नसती तर कोल्चिसिन आणि स्टॅटिन दोन्ही शरीरात साठली असती, कारण अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचीही निघण्याची वाट तीच आहे.

१२ व्या आठवड्यात २००, १६ व्यात २५०, २० व्यात ३००. २४ व्या आठवड्याच्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड ५.७. इथे डोस थांबवला. मागच्या तीन महिन्यांत झटका नव्हता, म्हणून कोल्चिसिन बंद केले. अ‍ॅलोप्युरिनॉल मात्र चालूच राहिले, तपासणी दर सहा महिन्यांनी. एवढ्यात त्यांना एक गोष्ट खटकली असेल: सहा महिने झाले तरी औषध संपलेले नाही. पण स्फटिक साठायला वर्षे गेली आहेत, विरघळायलाही वर्षे जातात.

आकडा हलत नसेल तर आधी एक साधा प्रश्न विचारा: गोळी खरोखर रोज घेतली जाते का? आठवड्यातून दोन दिवस चुकत असतील तर डोस वाढवण्यात अर्थ नाही.

## पायरी ६: बाहेर काढणारी औषधे कधी

निर्मिती अडवूनही लक्ष्य गाठले जात नसेल, किंवा पायरी ४ मधली दोन्ही औषधे चालत नसतील, तेव्हा मूत्रपिंडाच्या ठिकाणी काम करायचे. प्रोबेनेसिड युरॅट-१ ला अडवते, त्यामुळे परत ओढले जाणारे युरिक अ‍ॅसिड लघवीतच राहते. सुरुवात २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नंतर ५०० दोनदा, गरज पडल्यास आणखी.

इथे धोका जागा बदलतो. रक्तातले युरिक अ‍ॅसिड उतरते ते लघवीत वाढते म्हणूनच, आणि आंबट, घट्ट लघवीत त्याचे खडे बनतात. म्हणून तीन अटी पाळाव्या लागतात. पूर्वी मुतखडा झालेला नसावा. मूत्रपिंड ठीक असावे, कारण ते बरेच अधू झाले की प्रोबेनेसिड जवळजवळ निकामी ठरते. आणि दिवसभर भरपूर पाणी प्यावे, विशेषतः पहिल्या महिन्यांत. काही वेळा लघवीची आम्लता कमी करायला पोटॅशियम सायट्रेटही देतात. हृदय कमजोर असल्यामुळे पाण्यावर बंधन असलेल्या रुग्णाला हे औषध देताना हीच अडचण येते, आणि ती आधीच विचारून घ्यायला हवी.

प्रोबेनेसिड पेनिसिलिनसारख्या इतर औषधांनाही मूत्रपिंडात अडवते आणि त्यांची रक्तातली पातळी वाढवते. म्हणून हेही नाव यादीत हवे. ते ऑक्सिप्युरिनॉल लवकर बाहेर काढते, तरीही अ‍ॅलोप्युरिनॉलसोबत दिल्यावर दोघांचा मिळून परिणाम जास्त दिसतो, कारण दोघे वाटेच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर काम करतात.

बेंझब्रोमारोन मूत्रपिंड मध्यम अधू असतानाही चालते, पण यकृताला दुर्मीळ आणि गंभीर इजा करू शकते. त्यामुळे काही देशांत ते मिळतच नाही, आणि मिळते तिथे यकृताच्या चाचण्या नियमित कराव्या लागतात. डोटिन्युरॅडला जपानमध्ये २०२० साली मान्यता मिळाली.

> तपासा: कमरेपासून जांघेकडे जाणारी कळ किंवा लघवीत रक्त? ही औषधे थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.

## पायरी ७: तिसरे ठिकाण, थोड्यांसाठी

गाठी मोठ्या आहेत, झटके थांबत नाहीत आणि वरचे सगळे करून झाले आहे, अशा मोजक्या रुग्णांना पेग्लोटिकेज देतात. दर दोन आठवड्यांनी ८ मिलिग्रॅम, शिरेतून, रुग्णालयातच. आधी जी६पीडी या एन्झाइमची तपासणी अनिवार्य, कारण ते कमी असेल तर हे औषध तांबड्या रक्तपेशी फोडते. प्रत्येक वेळी औषध देण्याआधी युरिक अ‍ॅसिड मोजतात. ते पुन्हा ६ च्या वर जाऊ लागले, तर शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडे बनवली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या सलाइनमध्ये तीव्र प्रतिक्रियेचा धोका वाढतो, म्हणून दोनदा सलग असे झाले की उपचार थांबवतात. या काळात अ‍ॅलोप्युरिनॉलसारखे दुसरे औषध बंद ठेवतात. कारण नेमके हेच: ते चालू असेल तर आकडा खाली दिसत राहील आणि धोक्याची खूण झाकली जाईल.

## औषध बंद करायचे म्हटले तर

पाच वर्षे झटका नाही, मग गोळी कशाला, असा प्रश्न येतोच. अ‍ॅलोप्युरिनॉल बंद केल्यावर युरिक अ‍ॅसिड काही आठवड्यांतच जवळजवळ जुन्या पातळीवर परत येते, कारण एन्झाइमवरचा अडसर निघालेला असतो. सांध्यात स्फटिक पुन्हा साठायला मात्र वेळ लागतो, त्यामुळे महिनोन्‌महिने काहीच होत नाही आणि निर्णय बरोबर ठरला असे वाटते. कधी एखाद्या वेगळ्या कारणासाठी गोळी थांबवावीच लागली, तर थांबवल्यानंतर महिन्याने आणि तीन महिन्यांनी युरिक अ‍ॅसिड तपासा. पुन्हा सुरू करताना जुन्या डोसवर उडी मारू नका. ५० किंवा १०० पासून, सोबत कोल्चिसिनचे कवच घेऊन, पायरी ३ पासूनच सुरुवात करा.